रक्तातला ऑक्सिजन कशामुळे घटला? धमनीच्या नमुन्यावरून चार कारणे वेगळी करण्याची रीत

पावसाळा सुरू झाला की शहापूर-मुरबाडच्या बाजूने मण्यार चावलेले रुग्ण ठाण्यातल्या अतिदक्षता विभागांत येऊ लागतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंश फारसा दुखत नाही, दाताची खूण शोधूनही पुष्कळदा सापडत नाही, आणि पहाटे पोटात दुखते, पापण्या जड झाल्या, एवढीच तक्रार घेऊन माणूस दाराशी येतो. अशाच एका ३२ वर्षांच्या शेतकऱ्याचा आधार घेऊन, रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याची चार कारणे एकमेकांपासून कशी ओळखायची ते या लेखात सांगत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हाच रुग्ण का निवडला, तर त्याचा ऑक्सिजन एका दिवसात दोनदा उतरला आणि दोन्ही वेळची कारणे अगदी वेगळी होती.

तो आला तेव्हा पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या, मान उशीवरून उचलता येत नव्हती आणि बोलणे नाकातून येत होते. ऑक्सिमीटरवर ८२ होते. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना श्वासाचा आवाज स्वच्छ होता, फक्त क्षीण. क्ष-किरण चित्रही निर्मळ होते. ऑक्सिजन जोडण्याआधी मनगटाजवळच्या धमनीतून रक्ताचा नमुना घेतला, आणि पहिली पायरी हीच आहे. रुग्ण निळा पडत असेल तर अर्थातच आधी ऑक्सिजन, नमुना नंतर. पण एक-दोन मिनिटांची सवड असेल तर साध्या हवेवरचा नमुना पुढच्या अनेक तासांचा गोंधळ वाचवतो. तशी सवड नसेल तर नमुना घेताना कोणता मास्क होता आणि त्यातून किती टक्के ऑक्सिजन जात होता, ते कागदावर लिहिलेच पाहिजे. ती नोंद नसलेल्या अहवालावरून कारण सांगता येत नाही.

अहवाल असा आला: पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइडचा दाब ६८, ऑक्सिजनचा दाब ५६. हे दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत. पुढे प्रत्येक वेळी एकक लिहीत नाही.

हिशेब मांडणे

आता एक छोटा हिशेब करावा लागतो. धमनीत किती ऑक्सिजन आहे ते यंत्राने सांगितले. फुप्फुसाच्या वायुकोशांत, म्हणजे हवा आणि रक्त जिथे भेटतात तिथे, तो किती असायला हवा होता ते आपण काढायचे.

```
PAO2 = FiO2 × (PB − 47) − PaCO2 / 0.8
```

PAO2 म्हणजे वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब, FiO2 म्हणजे श्वासात जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा हिस्सा, PaCO2 म्हणजे धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि PB म्हणजे वातावरणाचा दाब. ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी, जवळजवळ समुद्रसपाटीवर असल्याने तो ७६० धरायला हरकत नाही. श्वासनलिकेत शिरताच हवा ओलसर होते आणि वाफेचा दाब ४७ असतो, तो वजा केला की ७१३ उरतात. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणून त्यातले १५० ऑक्सिजनच्या वाट्याला. शेवटचे पद असे समजून घ्यावे: शरीर जितका ऑक्सिजन वापरते त्याच्या सुमारे ०.८ पट कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, म्हणून वायुकोशात एक भाग कार्बन डायऑक्साइड दिसला की सव्वा भाग ऑक्सिजन तिथून गेला असे धरायचे. निरोगी माणसात कार्बन डायऑक्साइड ४०, त्याचे सव्वापट ५०, आणि १५० वजा ५० म्हणजे १००.

आपल्या रुग्णात ६८ चे सव्वापट ८५. १५० मधून ८५ गेले, राहिले ६५. वायुकोशात ६५ आणि धमनीत ५६, म्हणजे तफावत फक्त ९. साध्या हवेवर ही तफावत वयाला चाराने भागून त्यात चार मिळवले की येईल तेवढ्यापर्यंत असू शकते. ३२ वर्षांच्या माणसाला १२ पर्यंत मुभा आहे. म्हणजे वायुकोशातला ऑक्सिजन रक्तात जाण्यात काहीच अडचण नव्हती. वायुकोशातच तो कमी पडला होता, कारण नवी हवा आत येत नव्हती.

पहिले कारण: श्वासच अपुरा

यालाच हायपोव्हेंटिलेशन म्हणतात. फुप्फुस धडधाकट असते, भाता हलत नसतो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकाशी बसते, स्नायूंना संदेश पोहोचत नाही आणि श्वासपटल थकत जाते. झोपेच्या किंवा अफूवर्गीय औषधांची मात्रा जास्त होणे, गिया-बारे, कीटकनाशकाची विषबाधा, अति लठ्ठपणा, या सगळ्यांत चित्र हेच राहते: कार्बन डायऑक्साइड वर गेलेला आणि तफावत नेहमीइतकीच.

इथे एक सापळा आहे आणि तो ऑक्सिजनच्या मास्कमध्ये दडलेला आहे. या रुग्णाला मास्क लावताच काही मिनिटांत ऑक्सिमीटरवर ९८ आले. बाहेर बसलेल्या त्याच्या भावाला आम्ही श्वासनळीत नळी घालावी लागेल असे सांगितले, तेव्हा त्याने रास्त प्रश्न विचारला, "डॉक्टर, ऑक्सिजन तर अठ्ठ्याण्णव दाखवतोय, मग नळी कशाला?"

त्याचे उत्तर त्याच सूत्रात आहे. समजा मास्कमधून ३० टक्के ऑक्सिजन जातो. ७१३ चे ३० टक्के म्हणजे २१४. आता श्वास आणखी मंदावून कार्बन डायऑक्साइड ८५ झाला तरी त्याचे सव्वापट १०६, आणि वायुकोशात १०८ शिल्लक राहतात. म्हणजे निरोगी माणसापेक्षाही जास्त. ऑक्सिमीटर ९८ दाखवील, आणि त्याच वेळी रक्त आम्लधर्मी होत जाऊन माणूस गुंगीत जाईल. साध्या हवेवर असताना घसरता आकडा निदान धोक्याची घंटा तरी वाजवतो. मास्क लावल्यावर ती घंटा बंद पडते. त्या भावाला मी एवढेच म्हणालो, "तुमच्या भावाच्या रक्तात हवा पुरतेय, पण आतली घाण हवा बाहेर पडत नाहीये. ती हे यंत्र मोजत नाही."

म्हणून अशा रुग्णाकडे ऑक्सिमीटरच्या भरवशावर पाहू नये. एक साधी चाचणी खाटेशीच होते: खोल श्वास घ्यायला सांगून त्या एका श्वासात, साधारण सेकंदाला एक या गतीने, मोठ्याने आकडे मोजायला लावायचे. हा रुग्ण आला तेव्हा २२ पर्यंत गेला. तासाभराने ११ वर त्याचा दम संपला. मास्कखाली ९८ तसेच होते. दुसऱ्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइड ७९ आला, आणि मग वाट पाहण्यात अर्थ नव्हता. प्रतिविष दिलेले होतेच, पण मण्यारीच्या बाबतीत एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने चटकन मागे फिरत नाही. मज्जातंतूंची टोके सावरेपर्यंत, बहुधा काही दिवस, व्हेंटिलेटरनेच श्वास द्यावा लागतो. या कारणावर खरा उपाय हवा आत-बाहेर करणे हाच आहे, ऑक्सिजनची टक्केवारी वाढवणे हा नव्हे.

दुसऱ्यांदा ऑक्सिजन उतरला तेव्हा: शंट

नळी दातांपाशी २२ सेंटिमीटरच्या खुणेवर बांधली होती. ३० टक्के ऑक्सिजनवर सगळे सुरळीत होते. संध्याकाळी रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पुसली, आणि थोड्या वेळाने आकडा ९९ वरून ९० वर आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन ४० केला, ६० केला, शेवटी १०० टक्के केला. आकडा ९० वरच. नमुन्यात ऑक्सिजन ६०, कार्बन डायऑक्साइड ४२.

१०० टक्के ऑक्सिजनवर सूत्राचे शेवटचे पद थोडे बदलते. वायुकोशात नायट्रोजन उरत नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड सव्वापट न करता सरळ वजा करायचा: ७१३ वजा ४२, म्हणजे ६७१. वायुकोशात ६७१ आणि धमनीत ६०. वयाचे सूत्र फक्त साध्या हवेपुरते असते, पण इथे कोणत्याही सूत्राची गरजच नाही. ६०० च्या वरची तफावत स्वतःच बोलते.

एवढा ऑक्सिजन असूनही रक्ताला तो मिळत नाही, याचा अर्थ रक्ताचा मोठा हिस्सा त्या ऑक्सिजनला भेटतच नाही. तो फुप्फुसाच्या अशा भागातून वाहतो जिथे हवा अजिबात नाही, आणि शिरेतले रक्त जसेच्या तसे धमनीत येऊन मिसळते. याला शंट म्हणतात. साधा हिशेब करून पाहा. १०० पैकी ७० भाग रक्त चांगल्या वायुकोशांतून येते, त्याची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी, ९८. ३० भाग हवाच नसलेल्या भागातून येते, त्याची शिरेतल्यासारखी ७०. मिश्रण होते ८९.६. आता ऑक्सिजन १०० टक्के करा. चांगले ७० भाग ९८ वरून १०० वर जातील, त्यापुढे हिमोग्लोबिनमध्ये जागाच नाही. उरलेले ३० भाग ७० वरच. मिश्रण ९१. इतक्या ऑक्सिजनने हाती आले जेमतेम दीड टक्का, आणि प्लाझ्मात विरघळणारा ऑक्सिजन धरला तरी त्यात किरकोळच भर पडते.

म्हणून "ऑक्सिजन वाढवूनही आकडा हलत नाही" ही शंटची खूण आहे, आणि ती दिसताच टक्केवारीचे बटण फिरवत बसण्याऐवजी हवा कुठे पोहोचत नाही ते शोधायचे. आम्ही छातीच्या दोन्ही बाजू ऐकल्या; डावीकडे आवाज नव्हता. नळीवरची खूण पाहिली. दातांपाशी २२ ऐवजी २७ होती. वळवताना नळी पाच सेंटिमीटर आत सरकून उजव्या फुप्फुसाच्या श्वासनलिकेत गेली होती, डाव्या फुप्फुसातली हवा शोषली जाऊन ते मिटू लागले होते आणि त्यातले रक्त मात्र वाहत होते. नळी २२ वर मागे घेतली, स्राव ओढून काढला, काही मोठे श्वास दिले. अर्ध्या तासाने त्याच १०० टक्क्यांवर ऑक्सिजनचा दाब २८० होता. औषध एकही बदललेले नव्हते.

इथे एक आनुषंगिक गोष्ट नोंदवतो. १०० टक्के ऑक्सिजन स्वतःही वायुकोश मिटवायला हातभार लावतो. साध्या हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नाही, तो वायुकोशाला आतून टेकू देतो. तो काढून टाकला आणि वाट बंद असली की उरलेला ऑक्सिजन शोषला जाऊन वायुकोश लवकर बसतो. अशा वेळी जास्त ऑक्सिजनने शंट वाढू शकतो.

न्यूमोनियात वायुकोश पुवाने भरतात, तीव्र श्वसन-विकारात म्हणजे एआरडीएसमध्ये द्रवाने भरतात. तिथे शंट असतो पण नळी मागे घेण्याइतका सोपा उपाय नसतो. मिटलेले वायुकोश उघडे ठेवण्यासाठी श्वास सोडतानाही दाब कायम ठेवणे आणि रुग्णाला पालथे झोपवणे, हे उपाय याच हिशेबावर आधारलेले आहेत. एकाच बाजूचा न्यूमोनिया असेल तर चांगली बाजू खाली करून झोपवल्यावर आकडा सुधारतो, कारण रक्त गुरुत्वाने खालच्या, म्हणजे हवेच्या फुप्फुसाकडे जास्त वाहते. हृदयातल्या पडद्याच्या छिद्रातून निळे रक्त डावीकडे जात असेल तर फुप्फुसाचे काहीही करून उपयोग नसतो. १०० टक्के ऑक्सिजनला दाद नाही आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ, असे दिसले की हृदयाची सोनोग्राफी सुचली पाहिजे.

तिसरे कारण: हवा एकीकडे, रक्त दुसरीकडे

रोजच्या कामात सर्वांत जास्त भेटते ते हेच. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे काढलेले, विडी ओढणारे ६४ वर्षांचे काका धाप वाढली म्हणून येतात. साध्या हवेवर ऑक्सिजन ५४, कार्बन डायऑक्साइड ४८. हिशेब: १५० वजा ६०, वायुकोशात ९०. तफावत ३६, वयानुसार २० पर्यंत चालली असती. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला आहे, पण एवढ्या वाढीने धमनीतला ऑक्सिजन ७० च्या खाली गेला नसता. फुप्फुसातही काहीतरी बिघडले आहे.

इथे हवा पूर्ण बंद नाही, विषम वाटली गेली आहे. कफाने आणि सुजेने अरुंद झालेल्या नलिकांच्या मागचे वायुकोश थोडीच हवा मिळवतात, तरी रक्त तिथून बरेच वाहते; काही वायुकोशांना भरपूर हवा आहे पण रक्त कमी. हा विजोडपणा म्हणजे मिसमॅच. पुन्हा मिश्रण करून पाहा: अर्धे रक्त ९८ वर, अर्धे ८० वर, सरासरी ८९. शंटशी फरक असा की या कमी हवेच्या वायुकोशांची वाट अरुंद आहे, बंद नाही. ऑक्सिजन थोडा वाढवला की तो हळूहळू तिथेही झिरपतो, ८० चे ९२ होतात आणि सरासरी ९५ वर जाते. थोड्या ऑक्सिजनने चांगला फरक पडतो, हीच मिसमॅचची ओळख.

एक शंका नेहमी विचारली जाते: चांगले वायुकोश जास्त काम करून भरपाई का करीत नाहीत? कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ते करतातच. जोरात श्वास घेतला की त्यांच्यातून तो जास्त बाहेर पडतो. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र ९८ टक्के भरलेले हिमोग्लोबिन आणखी किती भरणार? म्हणूनच दम्याच्या झटक्यात सुरुवातीला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइडही कमी दिसतो. त्याच रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड "नॉर्मल" ४० वर आला तर आनंद मानू नये. भाता थकू लागला आहे आणि पहिले कारण तिसऱ्यात मिसळते आहे.

तुर्भ्याच्या काकांना मोजका ऑक्सिजन, २८ टक्क्यांच्या व्हेंचुरी मास्कने, ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवून दिला. जास्त दिला तर कमी हवेच्या भागांतल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, विजोडपणा वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हाही मिसमॅचच, फक्त उलट बाजूने. धाप, रुंद तफावत आणि निर्मळ छाती ही त्रयी दिसली की तिची आठवण ठेवावी.

चौथे कारण: पडदा जाड झाला

वायुकोश आणि रक्त यांच्यामधल्या पडद्यातून ऑक्सिजन पार होण्याची, म्हणजे डिफ्युजनची, मर्यादा बसलेल्या रुग्णात क्वचितच पकडता येते, आणि तिचे नाव गरजेपेक्षा जास्त घेतले जाते असे माझे मत आहे. तांबडी पेशी विश्रांतीच्या वेळी वायुकोशाजवळच्या केशवाहिनीतून साधारण पाऊण सेकंदात जाते, आणि निरोगी फुप्फुसात पहिल्या पाव सेकंदातच ती ऑक्सिजनने भरते. उरलेला अर्धा सेकंद राखीव असतो. पडदा जाड झाला तर ही राखीव वेळ वापरली जाते, आणि माणूस बसून आहे तोवर काही कळत नाही. तो जिना चढू लागला की रक्त वेगाने धावते, पाऊण सेकंद आक्रसत जातो आणि पेशी अर्धवट भरून पुढे निघते.

ठाण्यातल्या एका इमारतीत राहणाऱ्या ५८ वर्षांच्या बाई अशाच आल्या. खिडकीच्या जाळीत कबुतरांचे घरटे, आणि वर्षानुवर्षे विष्ठा झाडण्याचे काम त्यांच्याकडे. कोरडा खोकला, पाठीशी फुप्फुसाच्या तळाला चर्रचर्र आवाज. बसून आकडा ९५. धमनीत ऑक्सिजन ७२, कार्बन डायऑक्साइड ३५. वायुकोशात १५० वजा ४४, म्हणजे १०६, तफावत ३४. ही बसल्या जागेची तफावत मुख्यतः मिसमॅचचीच असते, अशा तंतुमय आजारांतही. डिफ्युजनचा वाटा चालल्यावर उघड होतो. त्यांना बोटाला ऑक्सिमीटर लावून सपाट व्हरांड्यात सहा मिनिटे चालवले; चौथ्या मिनिटाला आकडा ८२ वर होता. खुर्चीत बसवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा ९४.

शंटपासून हे वेगळे करायला त्याच चालण्याची पुनरावृत्ती नळीतून दोन लिटर ऑक्सिजन देऊन केली. या खेपेला आकडा ९० च्या खाली गेला नाही. वायुकोशात दाब वाढला की जाड पडद्यातूनही ऑक्सिजन वेगाने ढकलला जातो. शंटमध्ये ते होत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहज पडद्यातून जातो, म्हणून या आजारात तो उशिरापर्यंत वाढत नाही. पडद्याची क्षमता मोजणारी कार्बन मोनॉक्साइडची चाचणी आणि सीटी स्कॅन यांनी निदान पक्के झाले.

हिशेब कुठे फसतो

नाकातल्या नळीतून दोन लिटर ऑक्सिजन म्हणजे नेमके किती टक्के, ते रुग्णाच्या श्वासाच्या वेगावर अवलंबून असते. त्यावर काढलेली तफावत अंदाजच समजावी, आणि बारीक फरकावर निष्कर्ष काढू नये. ऑक्सिमीटर ९७ दाखवतो आणि अहवालात ऑक्सिजन ३८ येतो, तेव्हा सुई धमनीऐवजी शिरेत गेली असण्याची शक्यता आधी तपासावी. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा दाब हवेच्या दाबाकडे सरकतो, नमुना बर्फाविना बराच वेळ पडला तर पेशीच तो खर्च करतात. आणि घरात कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसात ऑक्सिमीटर खोटे चांगले आकडे दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखेच दिसते; तिथे या चारांपैकी एकही कारण नसते आणि धमनीतला दाबही नॉर्मल येतो.

मण्यारीचा तो शेतकरी सहाव्या दिवशी पापण्या पूर्ण उघडू लागला. नळी काढण्याआधी आम्ही त्याला मान उचलायला लावली, ३० टक्क्यांवरचा शेवटचा नमुना घेतला आणि त्यात ऑक्सिजनच्या आधी कार्बन डायऑक्साइड पाहिला. तो ३९ होता.